जास्तीची वर्षं कशी मोजायची?

पुण्याजवळच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं माणसं निवडण्याचं काम करतो. आमच्या अकाउंट्स विभागात एक जागा रिकामी झाली. जाहिरातीत अनुभव लिहिला होता ३ ते ५ वर्षं. काम रोजचं होतं: खरेदीची बिलं चढवायची, टीडीएस ७ तारखेच्या आत भरायचा आणि दर महिन्याचं जीएसटीचं रिटर्न वेळेत तयार करायचं.

अर्जांत १८ वर्षं अनुभवाचे एक गृहस्थ होते, आधीच्या कंपनीत अकाउंट्स मॅनेजर. मालक खूश झाले. मॅनेजरचा अनुभव एक्झिक्युटिव्हच्या पगारात मिळतोय, मग विचार कसला करायचा, असं त्यांचं म्हणणं. गृहस्थ रुजू झाले.

पहिल्याच महिन्यात गाडी अडली. जीएसटीआर-२बी १४ तारखेला तयार होतं आणि ३बी २० तारखेपर्यंत भरायचं असतं. मधल्या सहा दिवसांत आपल्या खरेदी रजिस्टरमधलं एकेक बिल २बीशी ताडून बघावं लागतं, कारण जे बिल तिथे दिसत नाही, त्याचं क्रेडिट त्या महिन्यात घेता येत नाही. हे गृहस्थ गेली कित्येक वर्षं हाताखालच्या मुलांनी जुळवलेला तक्ता फक्त तपासत होते. स्वतः जुळवायला बसले की गाडं पुढे सरकेना. ज्ञान पक्कं होतं, हाताची सवय मोडली होती. त्यात विभागप्रमुख वयाने बराच लहान, त्यामुळे अडलेलं विचारायचा संकोच. मॅनेजरची जागा मिळताच ते निघून गेले. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. आम्ही त्यांना एका कामासाठी निवडलं आणि दुसरंच काम दिलं.

यानंतर मालकांचं मत दुसऱ्या टोकाला गेलं: पाच वर्षांच्या वरचा अर्ज बघायचाच नाही. पुढच्या खेपेला २० वर्षं अनुभवाच्या एका बाईंचा अर्ज आला, तेव्हा तो बाजूलाच पडणार होता. मी आग्रह धरून त्यांना बोलावलं आणि तेव्हापासून अशा प्रत्येक उमेदवाराच्या बाबतीत मी चार गोष्टी बघतो.

पहिली गोष्ट, हे काम त्यांनी स्वतःच्या हातांनी शेवटचं कधी केलं? हे तोंडी विचारून कळत नाही. मी साधारण चाळीस बिलांचं रजिस्टर आणि त्याच महिन्याचं २बी एक्सेलमध्ये देतो. त्यात एका बिलाच्या नंबरात पुढची शून्यं गळालेली असतात, एका पुरवठादाराने बिल पुढच्या महिन्यात दाखवलेलं असतं आणि एकाने आमचा जीएसटी नंबरच चुकीचा टाकलेला असतो. बाईंनी तिन्ही ठिकाणं तासाभरात शोधली आणि कोणत्या पुरवठादाराला आज फोन करावा लागेल, तेही लिहून दिलं. आधीच्या छोट्या फर्ममध्ये त्या हे काम दर महिन्याला करत होत्या.

दुसरी गोष्ट, खालच्या जागेवर यायचं कारण दोन वर्षांनीही टिकेल का? ‘सध्या काहीतरी हवं’ हे कारण चांगली नोकरी मिळेपर्यंतच टिकतं. बाईंना रोजचा लांबचा प्रवास थांबवायचा होता आणि घर आमच्या कारखान्यापासून जवळ होतं. ते कारण टिकणारं होतं.

तिसरी गोष्ट पगाराची. आमची वरची मर्यादा मी पहिल्याच फोनवर सांगतो आणि पुढची वाढ कशी मिळते तेही. ‘पगाराचं नंतर बघू’ असं कुणी म्हणालं, तर मी मुलाखत तिथेच थांबवतो. नंतर बघितलं की दोघांचंही बिनसतं.

चौथी गोष्ट, ज्याच्या हाताखाली काम करायचंय, त्याच्याशी उमेदवाराला अर्धा तास एकटं बोलू द्यावं. आमच्या तरुण विभागप्रमुखाने बाईंना सरळ विचारलं, “मी तुमचं काम तपासून परत पाठवलं तर चालेल का?” त्या म्हणाल्या, “तपासायलाच हवं. फक्त कुठे चुकलं ते लिहून पाठवा.” त्या आजही आमच्याकडे आहेत.

चाचणीवरून हात कळतो, माणूस किती दिवस राहील ते कळत नाही. म्हणून चारही गोष्टी बघाव्या लागतात, एकीवर भागत नाही. पहिलीत उमेदवार कमी पडला, तर वीस वर्षंही त्या जागेसाठी अपुरीच समजावीत. चारही जुळल्या, तर वर्षं जास्त आहेत एवढ्यासाठी नकार देऊ नये. जाहिरातीतला ‘५ वर्षं’ हा आकडा बहुतेक वेळा पगाराच्या मर्यादेतून आलेला असतो. तसं असेल तर जाहिरातीत पगारच छापा आणि किती वर्षांच्या माणसाने अर्ज करायचा, हे त्याचं त्याला ठरवू द्या.