भाकरी कमी, किलोमीटर जास्त: इथे गणित चुकतं

पहाटे पाचला हिंगोलीच्या रामलीला मैदानावर दोन तऱ्हेचे लोक धावताना दिसतात. एक भरतीची पोरं. राज्य राखीव पोलीस दलाची चाचणी म्हणजे पाच किलोमीटर, त्यामुळे त्यांना वेळ कमी करायचा असतो. दुसरे पस्तिशी ओलांडलेले, पोट सुटलेले, डॉक्टरांनी दटावल्यावर बूट घेऊन आलेले. त्यांना वजन कमी करायचं असतं. दुसऱ्या गटातले बरेच जण दीड-दोन महिन्यांत गायब होतात. आळस हे त्याचं कारण क्वचितच असतं. बहुतेकांनी धावणं आणि उपास एकाच दिवशी सुरू केलेला असतो. खालची यादी त्यांच्यासाठी.

काय करावे

आधी आपला आकडा काढा. समजा, वसमतच्या मोंढ्यात दिवसभर बसून हिशेब लिहिणारा एक माणूस आहे. वय ३४, उंची साडेपाच फूट, वजन ८० किलो. न धावता त्याला दिवसाला साधारण २,३५० कॅलरी लागतात. धावण्याचा खर्च काढायची सोपी रीत अशी, की एका किलोमीटरला वजनाच्या प्रत्येक किलोमागे एक कॅलरी. म्हणजे पाच किलोमीटरला ४००. त्यातल्या पन्नासेक तर तो घरी बसूनही खर्चणारच होता, म्हणून खरा जादा खर्च ३५०. धावण्याच्या दिवसाची गरज झाली २,७००.

आता तो खातो काय? सकाळी लिंबू-मधाचं पाणी, धावून आल्यावर नुसता चहा, दुपारी एक भाकरी आणि भाजी, संध्याकाळी थोडे मुरमुरे, रात्री काकडी आणि वाटीभर वरण. सगळं मिळून जेमतेम ९५०. रोजची तूट साडेसतराशेची. पहिल्या दोन आठवड्यांत काटा झरझर खाली येतो, कारण चरबीबरोबर पाणीही जातं. मग काटा अडतो, पाय जड होतात, आणि माणूस ठरवतो की अजून अर्धी भाकरी कमी करावी.

तूट चारशेच्या आसपास ठेवा. याच माणसाचं धावण्याच्या दिवसाचं ताट असं लावता येतं. निघण्यापूर्वी एक केळ आणि चहा. आल्यावर तासाभरात दोन अंडी, एक ज्वारीची भाकरी, पेलाभर दूध. दुपारी दोन भाकरी, घट्ट वरण, भाजी, ताक. चारच्या चहाबरोबर मूठभर फुटाणे. रात्री एक भाकरी, सोयावडीची भाजी, वाटीभर दही. हे होतं २,३०० कॅलरीच्या जवळपास आणि प्रथिनं शंभरेक ग्रॅम. न धावण्याच्या दिवशी केळ आणि एक भाकरी वगळली की झालं. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात, त्या हिशेबाने आठवड्याला साडेतीनशे ग्रॅम उतरतात. महिन्याला दीड किलो. ऐकायला कमी वाटतं, पण सहाव्या महिन्यातही हा माणूस मैदानावर असतो.

भाकरी किती मोठी, हा प्रश्न मात्र खरा आहे. वर धरलेली भाकरी साधारण ७५ ग्रॅम पिठाची, म्हणजे अडीचशे कॅलरीची. आठवडाभर आपल्या घरची भाकरी करताना पीठ तोलून पाहा. एकदा अंदाज बसला की तराजू परत माळ्यावर ठेवा.

धावण्याच्या आजूबाजूला खा, कात्री दुसरीकडे लावा. अर्ध्या-पाऊण तासाची हळू दौड रिकाम्या पोटी चालते, अट एवढीच की आदल्या रात्री नीट जेवण झालेलं असावं. वेगाची दौड असेल किंवा तासाच्या वर जायचं असेल, तर आधी केळ किंवा गूळ-भाकरीचा तुकडा हवाच. खरी चूक होते ती परतल्यावर. सातला धावून आलेला माणूस ‘आता चरबी जळतेय’ म्हणून थेट एकला जेवतो. स्नायूंमधला साखरेचा साठा रिकामा झालेला असतो आणि तो भरून निघायला उशीर होतो. दुसऱ्या दिवशीही पाय जड वाटतात ते बऱ्याचदा यामुळे. कात्री लावायची तर संध्याकाळच्या भजी-जिलेबीला, चहातल्या साखरेच्या तिसऱ्या चमच्याला आणि भाजीवर तरंगणाऱ्या तेलाला लावा.

शिवारातलं सोयाबीन ताटात आणा. जिल्ह्यात जिकडे पाहावं तिकडे सोयाबीन, पण ते सगळं मोंढ्यात जातं आणि घरी येतं तेल होऊन. कोरड्या सोयावडीत वजनाच्या निम्मी प्रथिनं असतात. चाळीस ग्रॅममध्ये वीस. वजन उतरवताना प्रथिनं कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही झडतो. रोज वजनाच्या किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम धरा. अंडी न खाणाऱ्याने पिठलं, मूग, दही, शेंगदाणे असं वाटून घ्यावं, एकाच जेवणात कोंबू नये. घरचं सोयाबीन वापरायचं तर नीट शिजवून किंवा भाजूनच, कच्चं पचत नाही.

शरीराचा निरोप वाचा. पुरेसं खाल्लं जात नाही हे काट्याआधी दुसरीकडे कळतं. नेहमीचा रस्ता, नेहमीचा दम, तरी वेळ जास्त लागतो. दोन दिवस विसावा घेऊनही पाय हलके होत नाहीत. पहाटे तीनला भुकेने जाग येते. हात-पाय गार पडतात, सर्दी एक संपत नाही तोच दुसरी येते, घरात विनाकारण चिडचिड होते. पुरुषांची कामेच्छा ओसरते, आणि हे कुणी सांगत नाही. स्त्रियांची पाळी लांबते किंवा बंद होते. ‘धावल्यामुळे होतंच असं’ म्हणून ते सोडून देऊ नका. तीन महिने पाळी न येणं म्हणजे डॉक्टरांकडे जायची वेळ. नडगीच्या हाडावर बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच ठिकाणी दुखत असेल तर धावणं त्या दिवसापासून बंद. हाडाला बारीक चीर पडत असण्याची शक्यता असते.

या सगळ्याला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये एक नाव दिलं, ‘रेड-एस’. सोपा अर्थ असा: धावण्याचा खर्च वजा करून उरलेल्या अन्नात शरीराला बाकीची कामं भागवता येत नाहीत, मग ते एकेक काम बंद करतं. मोजायची रीत अशी, की खाल्लेल्या कॅलरीतून धावण्याच्या वजा करायच्या आणि चरबी सोडून उरलेल्या वजनाने भागायचं. उत्तर तीसच्या खाली गेलं की धोका. आपल्या मोंढ्यातल्या माणसाचं चरबीविरहित वजन ५८ किलो धरू. पहिल्या ताटावर त्याचं उत्तर येतं दहा, दुसऱ्यावर चौतीस. हा तीसचा आकडा मुख्यतः स्त्रियांवरच्या अभ्यासातून आलेला आहे, पुरुषांची मर्यादा थोडी खाली असू शकते. पण दहा कुणालाच पुरत नाहीत.

बायकांनी रक्त तपासून घ्यावं. नुसतं हिमोग्लोबिन नको, शरीरातला लोहाचा साठा सांगणारी फेरिटिन तपासणीही करा. दम लागतो म्हणून ‘अजून वजन जास्त आहे’ असं समजणाऱ्या कित्येकींच्या दमाचं खरं कारण रक्तात असतं. आणि जेवणालगतचा चहा तासभर पुढे ढकला, तो लोह शोषू देत नाही. पालेभाजीवर लिंबू पिळा.

काय टाळावे

काटा अडला की ताट अजून कमी करणं. हीच ती चूक जिच्यापायी लोक मैदान सोडतात. अति तुटीत शरीर पाणी धरून ठेवतं, आणि माणूस नकळत कमी हलतो: जिथे उठून जायचा तिथे हाक मारतो, दुपारी खुर्चीतच पेंगतो. त्यामुळे चरबी उतरत असूनही काटा थांबलेला दिसतो किंवा खर्चच घटलेला असतो. काटा अडला तर दोन आठवडे गरजेइतकं पोटभर खा, धावणं हलकं ठेवा. नंतर पुन्हा चारशेच्या तुटीवर या.

उपासाच्या दिवशी वेगाची दौड. श्रावणी सोमवारी औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जायचं, निर्जळी करायचं आणि पहाटे दहा किलोमीटरही मारायचे, हे जमवू नका. तो दिवस चालण्याचा. नवरात्रात नऊ दिवस उपास असेल तर अंतर निम्मं करा आणि दूध, शेंगदाणे, राजगिरा, भगर यांना ताटात जागा द्या. नुसत्या साबुदाण्यात पिष्ट भरपूर, प्रथिनं जवळपास शून्य.

धावून आल्या-आल्या वजन करून खूश होणं. मे महिन्याच्या उन्हात पाऊण तासात एक किलो सहज कमी दिसतो. तो घाम आहे. अर्धा किलो कमी म्हणजे अर्धा लिटर पाणी परत द्यायचं, मीठ घातलेलं ताक उत्तम. जाड टी-शर्ट किंवा रेनकोट घालून धावणाऱ्यांचाही हिशेब तेवढाच.

अविनाश साबळेच्या वजनाशी बरोबरी. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा धावपटू, मराठवाड्याचा गडी. लष्करात असताना ७६ किलोवरून तीन महिन्यांत वीस किलो उतरवले, असं त्याच्याविषयी अनेकदा छापून आलं आहे. ते वाचून आपल्याकडची पोरं एक वेळ जेवायला लागतात. तो तेव्हा विशीतला जवान होता, डोक्यावर प्रशिक्षक होता, दिवसभराचं काम म्हणजे सराव आणि विश्रांती. तुम्हाला धावून आल्यावर दुकान उघडायचंय, नाहीतर हळद काढायला जायचंय.

मैदानी चाचणीच्या आधीच्या महिन्यात वजन उतरवणं. भरतीच्या पोरांनी हे खास लक्षात ठेवावं. जे उतरवायचं ते तीन-चार महिने आधी. शेवटचे चार आठवडे गरजेइतकं पूर्ण खायचं, नाहीतर पाच किलोमीटरच्या शेवटच्या दोन फेऱ्यांत पाय दगा देतात.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना मनानेच जेवण कमी करणं. धावण्याने साखर आधीच उतरते. त्यात ताट कमी केलं आणि औषध तेच राहिलं, तर रस्त्यातच घेरी येते. डोस डॉक्टरांना विचारून बदला, आणि खिशात खडीसाखर ठेवा.

हळदीच्या दुधावर भिस्त. आपल्या जिल्ह्यात हे म्हणणं म्हणजे घरचा आहेर. दूध प्या, त्यातलं दूधच कामाचं आहे. पण दुपारची गाळलेली भाकरी चमचाभर हळद भरून काढत नाही, ती वसमतची असली तरी.