मेडसर्जच्या पेपरआधीचा आठवडा

परीक्षा जवळ आली की आमच्या नर्सिंग होस्टेलवर रात्री दिवे विझत नसत. कोण किती वाजेपर्यंत जागलं यावर अभ्यास मोजला जायचा. मेसमधला चहा थर्मासमध्ये भरून वर आणायचा, पलंगावर पुस्तकं पसरायची आणि सीनियर ताईंनी खुणा केलेले ‘आयएमपी’ प्रश्न पुन्हा पुन्हा वाचायचे. दुसऱ्या वर्षी मेडिकल-सर्जिकल नर्सिंगच्या पेपरआधी मीही तेच केलं. त्यात इंटर्नल्स आटोपून पोस्टिंगची शेवटची नाइट नुकतीच संपली होती, त्यामुळे झोपेचं गणित आधीच बिघडलेलं होतं.

पेपर हातात आला. पहिला मोठा प्रश्न भाजलेल्या रुग्णाचा होता. विषय वाचलेला होता, पान डोळ्यांसमोर दिसत होतं, पण शिरेतून द्यायच्या द्रवाचा हिशेब काही केल्या आठवेना. छाती धडधडायला लागली, श्वास पुरेना म्हणून मी मोठमोठे श्वास घ्यायला लागले. मग ओठांभोवती मुंग्या आल्या, बोटं झिणझिणली आणि पेन धरलेला हात ताठ होऊन आत वळायला लागला. मला वाटलं, आता हार्टच गेलं. सुपरवायझर मॅडम जवळ आल्या, त्यांनीही प्रेमाने तेच सांगितलं: “बाळा, मोठा श्वास घे.” मी आणखी मोठे श्वास घेतले आणि हात आणखी वळला.

आज मी क्लिनिकल इन्स्ट्रक्टर आहे आणि मुलींना सगळ्यात आधी शिकवते ते या हाताबद्दल, कारण त्याचं शरीरशास्त्र पहिल्या वर्षाच्या फिजिओलॉजीत आलेलं असतं, फक्त ते आपल्याला लागू आहे हे कुणी सांगत नाही. घाबरल्यावर आपण गरजेपेक्षा जास्त हवा आत-बाहेर करतो. ऑक्सिजन आधीच पुरेसा असतो, तो काही वाढत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र भराभर बाहेर फेकला जातो. त्यामुळे रक्त अल्कलीकडे झुकतं, रक्तातलं मोकळं कॅल्शियम प्रथिनांना जास्त चिकटतं, नसा चटकन उत्तेजित होतात आणि मुंग्या येतात, हात वळतो. कार्बन डायऑक्साइड कमी झाल्याने मेंदूच्या रक्तवाहिन्याही आकुंचन पावतात, म्हणून गरगरतं आणि डोकं रिकामं वाटतं. म्हणजे श्वास कमी पडतोय असं वाटत असतं तेव्हा प्रत्यक्षात तो जास्त झालेला असतो. ‘मोठा श्वास घे’ हा सल्ला इथे उलटा पडतो.

करायचं ते असं. तोंड बंद, श्वास नाकाने. मनात चार मोजेपर्यंत आत घ्यायचा, छाती न फुगवता, पोट हलकेच वर येईल इतकाच. मग सहा मोजत हळू सोडायचा. मधे रोखून धरायचा नाही. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. दोन-तीन मिनिटांत मुंग्या ओसरायला लागतात. चार-सहा जमत नसेल तर तीन-चार मोजा. सोडणं घेण्यापेक्षा लांब असलं म्हणजे झालं. ज्यांना भ्रामरी येते त्यांना हे सोपं जातं, कारण गुणगुणताना श्वास आपोआप लांबतो. पण परीक्षेच्या हॉलमध्ये गुणगुणता येत नाही, म्हणून मोजणं बरं. कागदी पिशवीत श्वास घ्यायचा जुना उपाय मात्र करू नका. खरोखर दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर त्याने ऑक्सिजन घटतो.

यातली खरी मेख सरावात आहे. हॉलमध्ये पहिल्यांदाच करून पाहिलं तर मोजणंही आठवत नाही. शेवटच्या आठवड्यात रोज रात्री पलंगावर पडल्यावर एक हात पोटावर ठेवून पाचेक मिनिटं करा, आणि दिवसातून एकदा खुर्चीवर बसून, हातात पेन धरून करा. आडवं पडून जमलेलं बसून जमतंच असं नाही. ज्यांना दमा आहे त्यांनी इनहेलर बरोबर ठेवावा. घरघर ऐकू येत असेल किंवा मोजून श्वास घेऊनही दम लागत राहिला तर ती केवळ भीती समजून बसून राहू नये, लगेच सुपरवायझरना सांगावं.

झोपेच्या बाबतीत वाईट सल्ले फार मिळतात. सगळ्यात वाईट म्हणजे ‘पेपरच्या आदल्या रात्री लवकर झोप’. रोज साडेअकराला झोपणारी मुलगी साडेआठला दिवा मालवून पडली तर तिला झोप येत नाही, कारण शरीराची झोपेची वेळ तोवर झालेली नसते. मग ती घड्याळ बघत राहते, भीती वाढते आणि पलंग ही काळजी करायची जागा होऊन बसते. आदल्या रात्री झोप थोडी कमी होणं हे बहुतेकांच्या नशिबी असतंच, आणि एका रात्रीची कमी झोप निभावता येते. निभत नाही ते त्याआधीच्या चार-पाच रात्रींचं कर्ज. म्हणून जपायच्या रात्री त्या.

झोपायची वेळ हुकमाने आणता येत नाही, उठायची येते. पेपर सकाळी दहाचा असेल तर आठवडाभर रोज सहा-साडेसहाला उठा, रात्र कशीही गेली तरी, आणि उठल्यावर थोडा वेळ गच्चीवर उजेडात जा. नाइट ड्युटी करून आला असाल तर पहिल्या सकाळी दीड-दोन तास झोपून उठा, दिवस कसाबसा काढा आणि रात्री नेहमीच्या वेळी झोपा. दुपारभर झोपलात तर नाइटचंच घड्याळ चालू राहतं. चहातलं कॅफीन शरीरातून निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे रात्री नऊच्या कपातलं निम्मं दोन वाजता अजून कामावर असतं. शेवटचा चहा दुपारी. वीसेक मिनिटं झोप आली नाही तर उठून खुर्चीत बसा, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा आणि पेंग आली की परत जा. दिवसभर वाचलेलं पक्कं बसण्याचं मोठं काम झोपेतच होतं, त्यामुळे पहाटे तीनपर्यंत रेटलेला धडा आणि वर गमावलेली झोप असा दुहेरी तोटा होतो.

आपल्या व्यवसायात एक मोह जास्त असतो, तोही सांगते. औषधं आपल्या हाताशी असतात. वॉर्डातून कुणाकडून अल्प्राझोलामची गोळी मागून घेणं, किंवा ‘हात थरथरत नाहीत’ म्हणून प्रोप्रॅनोलॉल घेणं हे होस्टेलवर चालतं. पहिल्या गोळीने सकाळी डोकं जड राहतं आणि आठवण मंदावते, तीही नेमकी पेपरच्या दिवशी. दुसरी दमा असलेल्या व्यक्तीच्या श्वासनलिका आवळू शकते. फार्माकॉलॉजीच्या पेपरात हे आपण लिहितो आणि मैत्रिणीला मात्र गोळी देतो. डॉक्टरांनी तपासून दिल्याशिवाय दोन्ही नकोत.

आता अभ्यास. भाजलेल्या रुग्णाचा धडा मी तीनदा वाचला होता, तरी हिशेब का आठवला नाही? कारण वाचताना मला तो ओळखू येत होता. ओळखणं वेगळं आणि कोऱ्या कागदावर काढणं वेगळं. शेवटच्या आठवड्यात पुस्तक मिटून लिहिणं हाच खरा अभ्यास. पुस्तकातला पार्कलँडचा फॉर्म्युला घ्या: 4 मिली गुणिले वजन गुणिले भाजलेल्या त्वचेची टक्केवारी. 60 किलोचा रुग्ण, 30 टक्के भाजलेला, म्हणजे चोवीस तासांत 7200 मिली. निम्मं, म्हणजे 3600, पहिल्या आठ तासांत: ताशी 450. उरलेलं सोळा तासांत: ताशी 225. वाचून हे सोपं वाटतं. पण रुग्ण भाजल्यावर दोन तासांनी दाखल झाला तर? आठ तास भाजल्याच्या वेळेपासून मोजतात, दाखल झाल्यापासून नाही. म्हणून तेच 3600 आता सहा तासांत द्यायचे, ताशी 600. पुस्तक मिटून सोडवल्याशिवाय ही खाच लक्षात येत नाही, आणि तपासणाऱ्याची नजर नेमकी तिथेच जाते.

वेळेचा हिशेब खोटा केला की भीती दुप्पट होते. ‘रोज बारा तास’ असं भिंतीवर चिकटवलं जातं आणि पहिल्याच दुपारी मोडतं. गेल्या परीक्षेला एका मुलीबरोबर बसून आम्ही असं मांडलं. शेवटचा दिवस सोडून पाच दिवस, दिवसाला प्रामाणिक सहा तास, म्हणजे तीस तास. चाळीस विषयांच्या तिने तीन थप्प्या केल्या. न बघता लिहिता येणारे बारा, त्यांना पंधरा-पंधरा मिनिटं: तीन तास. निम्म्यावर अडकणारे अठरा, त्यांना तासभर प्रत्येकी: अठरा तास. काहीच न येणारे दहा, त्यांना दोन-दोन तास लागणार म्हणजे वीस. हाती उरले नऊच. म्हणून त्यातले चारच घेतले, वॉर्डात तिने स्वतः रुग्ण सांभाळला होता असे, आणि एक तास अडीअडचणीला मोकळा ठेवला. उरलेल्या सहांची फक्त व्याख्या आणि नर्सिंग केअरच्या तीन-चार ओळी शेवटच्या दिवशी. सहा विषय सोडायचे म्हटल्यावर ती रडकुंडीला आली होती. पण ते एरवीही सुटणारच होते; सोडलेत हे माहीत असल्यामुळे ती रात्री झोपली.

सुरुवात मधल्या थप्पीपासून करा. गुण सगळ्यात स्वस्तात तिथे मिळतात. केअर प्लॅन मात्र रोज एक पूर्ण लिहा, घड्याळ लावून, कारण तो हाताला वळण लागल्याशिवाय वेळेत होत नाही. पेपरच्या आदल्या संध्याकाळी नवीन काही उघडू नका. हॉलतिकीट, युनिफॉर्म, पेनं काढून ठेवा. सकाळी पोहे-उपमा काहीही, पण खाऊन जा; उपाशी पोटी धडधड आणि थरथर जास्त होते.

प्रश्न वाचून डोकं कोरं झालं तर त्या प्रश्नापाशी बसून राहू नका. चार-सहाचे दहा श्वास, मग येणारी शॉर्ट नोट आधी. हात चालू झाला की मागचं आठवायला लागतं. मी त्या पेपरात भाजलेल्या रुग्णाचा प्रश्न तसाच अर्धा लिहून आले आणि काठावर पास झाले.

मात्र सलग काही रात्री झोपच नाही, असे झटके पेपर नसतानाही येतात, किंवा जगणं नको असं मनात येतं, तर ते श्वासाने आणि वेळापत्रकाने सुटण्यासारखं नाही. वॉर्डन मॅडमना, मानसोपचार विभागातल्या कुणाला तरी सांगा, किंवा टेली मानसच्या 14416 वर फोन करा. तो चोवीस तास चालू असतो, मोफत असतो आणि मराठीत बोलता येतं.