पुड्याविना साखरपुडा

गेल्या मार्गशीर्षात जालना रस्त्यावरील एका कार्यालयात झालेल्या साखरपुड्याचे चित्रण करण्याची कामगिरी माझ्याकडे आली होती, आणि त्या समारंभाचा पंधरा सेकंदांचा टीझर त्याच रात्री दोन्ही घरांच्या हवाली करण्याचे मी कबूल केले होते. रात्री अकराच्या सुमारास तो मी मुलीच्या घरी नेऊन दाखविला. तरुण मंडळी संतुष्ट दिसली. परंतु पैठणहून या कार्यासाठी आलेल्या मुलीच्या आजीने मोबाईल डोळ्यांजवळ धरून तो दोनदा पाहिला, आणि मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, ‘भाऊ, सगळं छान हाय, पण ह्यात पुडा कुठंय?’

पुडा खरोखरच नव्हता. बिबी का मकबऱ्याचे दूरचे दृश्य होते, कार्यालयाची रोषणाई होती, नियोजित वर हिरवळीवरून संथपणे चालत येत होता, अंगठ्या तीन निरनिराळ्या कोनांतून दिसत होत्या. आणि ज्या वस्तूवरून या संस्काराला नाव मिळाले, तो रुपेरी कागदाचा, साखरेने भरलेला शंक्वाकृती पुडा पंधरा सेकंदांत एकदाही आला नव्हता. या व्यवसायात माझी चोवीस वर्षे गेली आहेत. त्या रात्री घरी परतताना मला जी खंत वाटली तिचा विसर अद्याप पडलेला नाही, आणि ज्यांच्यावर असे काम येईल, मग ते व्यावसायिक असोत की हाती मोबाईल घेतलेले घरचेच कोणी असोत, त्यांना उपयोगी पडावे म्हणून ती हकीकत तपशिलासह मांडीत आहे.

चूक कोठे झाली हे समजण्यासाठी विधीचा क्रम ध्यानात घ्यावा लागतो. आमच्या मराठवाड्यात याला कोणी कुंकवाचा कार्यक्रमही म्हणतात, आणि घराघरांत थोडाफार फरक असतोच. पण सर्वसाधारणपणे प्रथम गणपतीपूजन होते, वरपक्षाकडील सुवासिनी मुलीला कुंकू लावून साडी देतात, मुलगी ती नेसण्यासाठी आत जाते, आणि परत आल्यावर तिची ओटी भरून तिच्या हाती पुडा दिला जातो. अंगठ्यांची देवघेव त्यानंतर, सर्वांच्या टाळ्यांत होते. मुलगी साडी नेसायला गेली की व्यासपीठ अर्धा तास रिकामे पडते, आणि छायाचित्रकाराला तो वेळ मोकळा वाटतो. मीही त्या वेळी मुलाला घेऊन बाहेर हिरवळीवर गेलो, त्याला चारदा चालविले, आणि आत आलो तेव्हा ओटी भरून झाली होती, पुडाही देऊन झाला होता. ते सारे जेमतेम दोन मिनिटांत आटोपते, त्याची कोणी घोषणा करीत नाही, कारण घरच्या बायकांच्या दृष्टीने ते बायकांचे काम असते. मी गुरुजींना आणि मुलाच्या आईला विनंती केली, की पुडा पुन्हा एकदा देता येईल का. त्या माउलीने सौजन्याने दिला, मुलीने घेतला, आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर मला दोन माणसे एक वस्तू इकडून तिकडे करताना दिसली, यापलीकडे काही दिसले नाही. तो शॉट मी वापरला नाही, एवढा विवेक मला त्या रात्रीही होता. विधी पुन्हा करवून घेणे ही माझी या प्रसंगातली सर्वांत मोठी चूक मी मानतो, कारण तिच्यामुळे त्या कुटुंबाचा वेळ गेला आणि हाती काहीच लागले नाही.

दुसरी चूक गणिताची होती. पंधरा सेकंदांची ही मुदत कोठून आली, हे थोडक्यात सांगतो: 2013 च्या जून महिन्यात इन्स्टाग्रामने चलच्चित्रांची सोय केली तेव्हा मर्यादा पंधरा सेकंदांची होती, आणि 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदीच्या काळात व्हॉट्सॲपनेही भारतातील स्टेटसची लांबी तेवढीच मुक्रर केली होती. पुढे दोन्ही बंधने सैल झाली, तरी घरोघरी मागणी पंधरा सेकंदांचीच राहिली. आता, सेकंदाला 25 चौकटी या हिशेबाने पंधरा सेकंदांत 375 चौकटी बसतात. माझ्या पहिल्या टीझरमध्ये बावीस शॉट होते, म्हणजे एकेकाच्या वाट्याला सरासरी सतरा चौकटी, पाऊण सेकंदाहूनही कमी काळ. एवढ्या अवधीत अंगठीसारखी एकटी वस्तू ओळखू येते. परंतु एका चेहऱ्यावर भाव उमटतो आणि मावळतो, त्याला दीड-दोन सेकंद लागतात, आणि एका हातातून दुसऱ्या हातात काही जाते, ते पुरते दिसायला तीन. ही परीक्षा कोणालाही घरी करता येईल: तयार टीझर समारंभाला न आलेल्या माणसाला एकदाच दाखवावा आणि त्याने काय पाहिले ते विचारावे. ‘लाइटिंग छान होतं’ असे उत्तर आले तर शॉट फार झाले आहेत असे समजावे.

आजींच्या प्रश्नानंतर मी स्टुडिओत जाऊन सारे चित्रण पुन्हा पहिल्यापासून पाहिले. मी बाहेर असताना माझा सहायक, वयाने लहान पण नजरेने शहाणा मुलगा, हातात दुसरा कॅमेरा घेऊन आत राहिला होता. वरपक्षाच्या खोलीत मुलाची आत्या पुडा बांधीत होती ते, आणि ओटी भरणे व पुडा देणेही, त्याने घेतले होते. आणि पुढे त्याने जे टिपले होते, ते पाहून मी थबकलो. मुलीने पुडा स्वीकारल्यावर तो सांभाळायला म्हणून वडिलांच्या हाती दिला होता. ते गृहस्थ गर्दीतून बाजूला होऊन खांबापाशी उभे होते. पुडा त्यांनी दोन्ही हातांनी, निजलेले मूल धरावे तसा छातीशी धरला होता. खालच्या टोकाला कागद किंचित उकलून साखरेचे दाणे त्यांच्या सदऱ्यावर सांडत होते, आणि त्यांचे लक्ष त्याकडे नव्हते, ते व्यासपीठाकडे पाहत होते. एकोणीस सेकंदांचे ते चित्रण. त्यात संगीत नव्हते, सजावट नव्हती, आणि साखरपुडा म्हणजे काय ते सारे त्यात होते.

पहाटेपर्यंत बसून मी टीझर नव्याने जुळविला. आरंभी आत्याच्या बोटांनी कागद वळवून पुड्याला घातलेला दोरा, दोन सेकंद. मग ओटीत पडणारे तांदूळ, अडीच सेकंद. त्यानंतर सासूबाईंच्या हातून मुलीच्या हातात जाणारा पुडा, तीन सेकंद. मुलीचा खाली झुकलेला आणि क्षणात वर आलेला चेहरा, दीड. अंगठी, एकदाच, दोन. आणि उरलेले चार सेकंद वडील, ज्यांच्या शेवटच्या दोन सेकंदांवर वधूवरांची नावे. बावीसांचे सहा झाले. मकबरा गेला, रोषणाई गेली, हिरवळ गेली. मकबऱ्याविषयी माझ्या मनात आदरच आहे; तथापि ते दिलरस बानू बेगम यांचे समाधिस्थळ आहे, पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणातील वास्तू आहे, आणि त्या घरातील कोणाचाही त्या दिवशी तिच्याशी संबंध आलेला नव्हता.

तांत्रिक बाबींपैकी दोनच सांगतो, कारण या दोहोंनी मला त्या रात्री अडविले. सहायकाने घेतलेला पुडा देण्याचा शॉट आडवा होता, आणि टीझर मोबाईलसाठी उभा हवा होता. 3840 × 2160 मापाच्या आडव्या चित्रातून उभा तुकडा कापला तर रुंदी 1215 हाती येते. मोबाईलला 1080 पुरते, तेव्हा स्पष्टता टिकते, पण चौकटीच्या दोन कडांना उभी असलेली दोन माणसे त्यात मावत नाहीत. सासूबाईंचा निम्मा चेहरा कापला गेला, आणि केवळ हातांवर भागवावे लागले. यावर उपाय समारंभाच्या वेळीच करता येतो: समोरून न घेता देणारीच्या खांद्यामागून, थोडे तिरके उभे राहून घ्यावे, म्हणजे दोघी एकीपुढे एक अशा येतात आणि अरुंद चौकटीतही दोघींचे अस्तित्व राहते. नावे तळाशी लिहू नयेत, कारण तेथे मोबाईलवर इतर अक्षरे येऊन बसतात.

दुसरी बाब दिव्यांची. आपल्याकडील वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे कार्यालयांतील अनेक दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात, आणि कॅमेऱ्याचा शटर 1/60 वर राहिला तर चित्रावरून काळसर पट्टे सरकत जातात. माझा तसाच राहिला होता, आणि माझ्या कॅमेऱ्यातील निम्मे चित्रण त्यामुळे निकामी झाले. शटर 1/50 वर ठेवावा. तांदूळ पडण्यासारखा क्षण संथ करावयाचा असेल तर सेकंदाला 50 चौकटी आणि 1/100 शटर घ्यावा, म्हणजे सव्वा सेकंदाची क्रिया पडद्यावर अडीच सेकंद चालते. डोळ्यांना पट्टे लगेच जाणवत नाहीत, म्हणून पाहुणे येण्यापूर्वी दिवे लावून दहा सेकंदांचे चित्रण करावे व ते मोठे करून पाहावे. काही स्वस्त रंगीत दिव्यांचे पट्टे एवढ्यानेही जात नाहीत. ते दिवे विधीपुरते बंद ठेवण्यास कार्यालयाच्या माणसाला सांगावे.

आवाजाबाबत, पहिल्या वेळी मी एक लोकप्रिय चित्रपटगीत लावले होते. नव्या टीझरमध्ये कागदाची कुरकुर, गुरुजींचा स्वर आणि मागे बायकांची कुजबुज एवढेच ठेवले. पुष्कळ लोक स्टेटस आवाज बंद ठेवून पाहतात, त्यामुळे अर्थ चित्रातूनच लागला पाहिजे, हेही तेव्हा उमगले.

आणखी एक गोष्ट मी आता कटाक्षाने पाळतो. टीझर कोणाच्याही मोबाईलवर जाण्यापूर्वी दोन्ही घरांच्या वडीलधाऱ्यांना एकत्र बसवून दाखवितो व त्यांची मंजुरी घेतो. लग्नाआधी मुलीचे चित्र सर्वत्र जाणे काही घरांना रुचत नाही, आणि लग्नाची नेमकी तारीख व कार्यालय जाहीर करणे म्हणजे त्या दिवशी घर कुलूपबंद असल्याची वर्दी देणे होय. म्हणून टीझरमध्ये नावांखेरीज काहीच लिहीत नाही.

सकाळी सातला मी नवा टीझर घेऊन गेलो. वडिलांनी तो पाहिला, काही बोलले नाहीत, आणि आत जाऊन आजींना घेऊन आले. आजींनी तो एकदाच पाहिला.

तेव्हा ज्यांच्या हाती असे काम येईल त्यांना माझी विनंती आहे, की समारंभाच्या दोन दिवस आधी त्या घरातील सर्वांत वडील बाईंना भेटावे, समोर बसून विधींची यादी लिहून घ्यावी, पुडा कोण देणार, केव्हा देणार आणि नंतर तो कोणाकडे राहणार हे विचारून ठेवावे. आणि मुलगी साडी नेसायला आत गेली की कार्यालयाच्या बाहेर पाऊल टाकू नये.