हॉटस्पॉट स्लो आहे? आधी शोधा, अडकतंय कुठे

व्हिडिओमध्ये जी टेस्ट घाईत दाखवली ती इथे नीट लिहून देतोय. घरून काम करणाऱ्या अनेकांचं सगळं नेट मोबाईलवर चालतं. कॉल अडकला की पहिला राग सिमकार्डच्या कंपनीवर निघतो आणि लगेच दुसरं सिम घेतलं जातं. थांबा. आधी एक गोष्ट समजून घ्या.

हॉटस्पॉटवर नेट दोन टप्प्यांत येतं. टॉवरपासून फोनपर्यंत पहिला टप्पा आणि फोनपासून लॅपटॉपपर्यंत दुसरा. दुसरा टप्पा खराब असेल तर सिम बदलून काहीच फरक पडणार नाही.

आमच्या बॅचमधल्या एका ताईंचं उदाहरण घेऊ. त्या घरून चार-पाच दुकानदारांचे हिशोब बघतात आणि रोज व्हिडिओ कॉल करतात. कॉलवर त्यांचा आवाज तुटायचा. फोनचं वायफाय बंद करून फोनवरच स्पीड टेस्ट केली तर डाउनलोड ३८ एमबीपीएस, अपलोड ९. त्याच वेळी लॅपटॉपवर डाउनलोड ६ आणि अपलोड जेमतेम दीड. म्हणजे नेट फोनपर्यंत चांगलं येत होतं, पुढे गळत होतं. (स्पीड टेस्ट एका वेळी शंभरेक एमबी खाऊ शकते, रोजचा डेटा ठरलेला असेल तर सारखी करत बसू नका.)

खात्री करायला डेटा जवळजवळ न खाणारा उपाय आहे. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि हे टाका:

```
ipconfig
```

त्यात वायफायच्या खाली `Default Gateway` समोर जो आकडा दिसेल तो म्हणजे तुमचा फोन. आता त्या फोनला तीस वेळा हाक मारायची. खालच्या आकड्याच्या जागी तुमचा आकडा टाका:

```
ping -n 30 192.168.43.1
```

फोन शेजारीच असेल तर `time` समोर बहुतेक वेळा काही मिलिसेकंदच दिसायला हवेत. ताईंच्या लॅपटॉपवर ३, मग १४०, मग ८, मग ३२० असे आकडे उड्या मारत होते, मध्येच `Request timed out` येत होतं. हाक फक्त फोनपर्यंत जात होती, टॉवरचा इथे संबंधच नाही. फोन होता स्वयंपाकघरात चार्जिंगला, मध्ये भिंत, आणि हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर. इमारतीतले बहुतेक राऊटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह सगळे याच पट्ट्यात गर्दी करतात.

हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये ५ गिगाहर्ट्झचा पर्याय असेल तर तो निवडा. आयफोनवर `Maximize Compatibility` बंद करा. या पट्ट्यात गर्दी कमी असते, पण तो भिंतीपलीकडे लवकर दमतो, म्हणून फोन त्याच खोलीत ठेवा.

माझं मत विचाराल तर टेबलावर बसून काम करताना वायफायच्या भानगडीत पडूच नका, यूएसबी टेदरिंग वापरा. केबल जोडा, हॉटस्पॉटच्याच सेटिंगमध्ये `USB tethering` चालू करा आणि लॅपटॉपचं वायफाय बंद करा. तो पर्याय फिकट दिसत असेल तर केबल बहुधा फक्त चार्जिंगची आहे, डेटा केबल लागते. ताईंना केबलवर डाउनलोड ३५, अपलोड ८ मिळालं आणि पिंगचे आकडे १-२ वर स्थिरावले. शिवाय फोन चार्ज होत राहतो.

एक गोष्ट मात्र हमखास विसरली जाते. वायफायला तुम्ही विंडोजमध्ये `Metered connection` लावलेलं असेल, तरी केबलचं कनेक्शन तिथे इथरनेट म्हणून वेगळं दिसतं. तिथेही ते चालू करा, नाहीतर विंडोज अपडेट दुपारपर्यंत दिवसाचा डेटा संपवेल. बऱ्याच प्लॅनमध्ये त्यानंतर वेग ६४ केबीपीएसवर येतो, त्यात व्हिडिओ कॉल विसरा.

आता उलट केस. फोनवरच अपलोड अर्धा एमबीपीएस येत असेल तर दोष पहिल्या टप्प्यात आहे, केबलने जादू होणार नाही. अँड्रॉइडमध्ये `About phone` मध्ये सिमच्या माहितीत सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये दिसतो. उणे ८५च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ११०च्या पलीकडे गेलं की अवघड. फोन घेऊन घरभर फिरा, प्रत्येक जागी थोडं थांबून आकडा बघा. आतल्या खोलीपेक्षा खिडकीत फरक पडतो. जागा सापडली की फोन तिथे आणि दोन मीटरची केबल टेबलापर्यंत. फक्त उन्हात ठेवू नका, तापला की फोन स्वतःच वेग कमी करतो.

खिडकीतही आकडा सुधारला नाही, तर मग दुसऱ्या कंपनीचं सिम बघा. तेसुद्धा आधी शेजाऱ्यांचा फोन त्याच खिडकीत ठेवून, आकडा तपासून.