एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे घर : गृहभेटीच्या नोंदीचा अभ्यास

२०१०-११ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक आरोग्य सेवा कार्यक्रमात, घराबाहेर पडू न शकणाऱ्या वृद्धांना घरी जाऊन भेटण्याची तरतूद आहे. अशा भेटीनंतर परिचारिका जी नोंद लिहिते, तिच्या आधारेच पुढील उपचाराची व मदतीची दिशा ठरते. त्यामुळे पाहिलेले, मोजलेले आणि ऐकलेले या तिन्ही गोष्टी नोंदीत वेगळ्या ठेवणे आवश्यक असते. हे एका नमुना नोंदीवरून स्पष्ट होईल.

वृद्धा ७४ वर्षांची, विधवा असून गुडघेदुखीमुळे फारशी घराबाहेर पडत नाही. शौचालय परसात आहे. तेथे जाण्यासाठी तीन पायऱ्या उतराव्या लागतात. आधाराला कठडा नाही आणि परसातील दिवा बंद आहे. रात्री दोनदा उठावे लागते व उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, असे ती सांगते. महिन्यापूर्वी ती पायरीवर पडली होती. मात्र मुलाला काळजी नको म्हणून तिने ते कळविले नाही.

येथे केवळ ‘पडण्याचा धोका आहे’ असे लिहिणे अपुरे ठरते. परिचारिकेने पाच मिनिटे आडवे ठेवून रक्तदाब मोजला, तो १४४/८२ आला. उभे राहिल्यावर एका मिनिटाने तो ११८/७४ झाला. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरल्यास ती घट लक्षणीय मानली जाते. येथे वरचा आकडा २६ ने उतरला आहे.

त्यानंतर गोळ्या मोजण्यात आल्या. रक्तदाबाची रोज एक, याप्रमाणे १८ दिवसांपूर्वी ३० गोळ्या मिळाल्या होत्या. १२ उरावयास हव्या होत्या; डब्यात पाचच होत्या. ‘सकाळची गोळी घेतली की नाही, आठवत नाही,’ असे वृद्धेने सांगितले. सात गोळ्या अधिक घेतल्या गेल्या असाव्यात, परंतु त्या हरवल्याही असू शकतात. म्हणून नोंदीत ‘सात गोळ्या कमी आढळल्या’ एवढेच लिहिले जाते.

गोळी बंद करण्याचा अधिकार परिचारिकेस नाही. म्हणून त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळविण्यात आले. तोवर शेजारणीने रोज सकाळी एकच गोळी हाती द्यावी, असे ठरले. शेजारणीच्या मुलाने दिवा बदलला. उठताना आधी काही वेळ पलंगावर बसून राहण्यास वृद्धेला शिकविण्यात आले. खोलीत रात्रीसाठी भांडे ठेवण्यास तिने नकार दिला. तोही नोंदविला गेला.

एकटी व्यक्ती पडल्यास ते कोणाला केव्हा कळणार, हा शेवटचा प्रश्न होय. सकाळची गोळी देणारी शेजारीण हेच येथे त्याचे उत्तर ठरले. रात्रीचे तास मात्र उघडेच राहतात. म्हणून ‘रात्रीची व्यवस्था शिल्लक, पुढील भेट सात दिवसांनी’ अशी नोंदीची अखेरची ओळ आहे.