दोन मिनिटांत आभार कसे मानावेत?

प्रश्न : आमच्या पाणलोट समितीला पुरस्कार मिळतोय. मनोगताला दोनच मिनिटं आहेत आणि आभाराची नावं चाळीस. एखादं राहिलं तर माणूस दुखावेल ना?
– एक वाचक, हिवरे बाजार

उत्तर : चाळीस नावं वाचलीत तर एकेचाळिसावा नक्की दुखावेल! माणूस यादीने नव्हे, आपलं काम ओळखलं गेल्याने सुखावतो. दोन मिनिटांत संथपणे जेमतेम दोनशे शब्द होतात. मान्यवरांची नावं सूत्रसंचालकाने घेतलेली असतात, ती पुन्हा नकोत, ‘मान्यवरहो’ पुरे.

सुरुवात कामाने करा : “आमच्या गावाने बोअरवेलच्या पाण्यावर शेती करायची नाही असं ठरवलं. ऊस, केळीचा मोह सोडून ज्यांनी हे पाळलं, त्या शेतकऱ्यांचा हा पुरस्कार.” दोन वाक्यांत अख्खं गाव आलं. मग श्रमदान करणारे आणि पाण्याचा ताळेबंद मांडणारे, असे गट घ्या. नावं फार तर तीन, प्रत्येकासोबत त्याचं एक काम. उरलेली नावं ग्रामसभेत सावकाश वाचा. तिथे घड्याळ नसतं.

एक सावधगिरी : ‘आणखी एक सांगतो’ म्हणालात की मिनिट गेलंच. शेवटचं वाक्य पाठ ठेवा आणि घरी घड्याळ लावून मोठ्याने म्हणून पाहा.