पेरणीयंत्र भाड्याने घेताय? अनामत परत घेईपर्यंत बिल पाहा

मृगाचा पाऊस पडला की अवजारे बँकेसमोर बीबीएफ पेरणीयंत्रासाठी नंबर लागतात. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा आल्याशिवाय सोयाबीन पेरू नये. त्यामुळे साऱ्या गावाला यंत्र त्याच चार दिवसांत हवं असतं. त्या घाईत पावतीवर सही होते आणि पैशांचा वाद यंत्र परत करताना निघतो. ट्रॅक्टर आपला आणि यंत्र भाड्याचं, असा व्यवहार असेल तर पुढच्या गोष्टी यंत्र जोडण्याआधीच बोलून पावतीवर लिहून घ्या.

पहिली गोष्ट दिवसाची. दिवस २४ तासांचा धरणार की तारखेप्रमाणे? मंगळवारी संध्याकाळी पाचला नेलेलं यंत्र शनिवारी दुपारी बाराला परत केलं, तर तासांच्या हिशेबाने ते ९१ तास, म्हणजे वरचे तास पूर्ण दिवस धरून चार दिवस होतात. तारखा मोजल्या तर पाच. म्हणून नेल्याची आणि परत केल्याची वेळ दोन्ही पावतीवर हवी. पावसाने रान चिखलात असताना यंत्र अंगणात उभं राहिलं, तर त्या दिवसाचं भाडं पूर्ण, अर्धं की माफ, हेही लिहून घ्या. बहुतेक वाद इथेच होतात. सवलत ठरली असेल तर पाऊस पडला त्याच दिवशी फोन करून कळवा आणि संदेशही पाठवा. चार दिवसांनी सांगितलेला पाऊस कोणी मानत नाही.

दुसरी गोष्ट किमान आकाराची. समजा दर रोज ९०० रुपये, किमान आकार दोन दिवसांचा म्हणजे १,८०० आणि अनामत ५,००० रुपये आहे. किमान आकार म्हणजे यंत्र एकच दिवस वापरलं तरी द्यावी लागणारी रक्कम. दोन दिवसांच्या वर वापर गेला की ती वेगळी लागत नाही, दिवसांच्या भाड्यातच मोजली जाते. बिलात ‘किमान आकार’ आणि ‘चार दिवसांचं भाडं’ अशा दोन्ही ओळींची बेरीज दिसली, तर तिथेच थांबवा. दोन-तीन एकरांचं रान असेल तर शेजाऱ्याबरोबर मिळून यंत्र घेणं परवडतं, पण पावती ज्याच्या नावावर, मोडतोडीची जबाबदारी त्याचीच राहते.

आता वरच्याच उदाहरणाचा हिशेब करू. बुधवारी निम्मी पेरणी झाली आणि रात्री पाऊस आला. गुरुवारी रान ओलं, यंत्र उभं. हलकं रान म्हणून शुक्रवारी दुपारी वाफसा आला, उरलेलं पेरून शनिवारी यंत्र परत केलं. तासांप्रमाणे चार दिवस आणि पावसाच्या दिवसाला अर्धं भाडं असं ठरलं होतं, म्हणून भाडं साडेतीन दिवसांचं, ३,१५० रुपये. १,८०० नेतानाच भरलेले, तेव्हा बाकी १,३५०. नेताना चकत्यांचे तीन संच, म्हणजे बारा चकत्या मोजून घेतल्या होत्या. परत करताना तुरीची एक कमी भरली, तिचे ३०० रुपये. अनामतीतून १,६५० वजा होऊन ३,३५० रुपये हातात पडायला हवेत.

भाड्याने दिलेलं अवजार झिजणारच. फाळाचं टोक घासणं किंवा साखळी सैल पडणं ही रोजच्या वापराची झीज आहे आणि ती मालकाच्या भाड्यातच येते. दगडाला आदळून वाकलेला फण, फुटलेली बियाण्याची नळी, हरवलेली चकती हे मात्र घेणाऱ्याकडे लागतं. यंत्र जमिनीत असतानाच वळवलं किंवा मागे घेतलं की नळ्या मातीने बुजतात आणि फण वाकतात, हे ट्रॅक्टर चालवणाऱ्याला आधीच बजावा. यंत्र नेताना जमिनीवर चालणारं चाक हाताने फिरवून चारही पेट्यांतल्या चकत्या फिरतात का ते बघा, आणि आधीच वाकलेल्या भागांचे फोटो मालकासमोर काढा. सुटा भाग बदलून पैसे कापले तर दुकानाचं बिल आणि काढलेला जुना भाग मागा.

शेतीकामासाठी अवजार भाड्याने देण्याच्या सेवेला जीएसटी माफ आहे, तेव्हा भाड्यावर तो लावला असेल तर विचारा. सुट्या भागाच्या किमतीत असतो तो वेगळा.

अनामतीची पावती भाड्यापासून वेगळी ठेवा आणि अनामत किती दिवसांत परत मिळणार ते त्या पावतीवर लिहून घ्या. परत करण्याच्या आदल्या संध्याकाळी खताची पेटी रिकामी करून कोरड्या फडक्याने पुसा. पेटीत राहिलेलं खत रातोरात ओल धरून दगडासारखं होतं, खत सोडणारा रूळ अडकतो, आणि सफाईचे म्हणून कापलेले पैसे त्यातूनच निघतात.